गड परक्याला सांगताना

दरेकसा हे गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे छोटे स्टेशन. महाराष्ट्र इथे संपत येतो आणि जंगल दाट होत जाते. स्टेशनावर उतरून धनेगावच्या वाटेने गेले की काचारगडचा डोंगर लागतो. माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे गोंड समाजाची मोठी जत्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा सगळ्या बाजूंनी माणसे येतात. एरवी डोंगर शांत असतो.

काही वर्षांपूर्वी अशाच शांत दिवसांत तिघा परदेशी पाहुण्यांबरोबर मी दुभाषा म्हणून इथे आलो होतो. माझा व्यवसाय मास्तरकीचा; इंग्रजी बरे म्हणून मला बोलावले होते. पायथ्याशी उभे राहून मी पहिलेच वाक्य सांगितले, ‘हा काचारगड’, आणि ‘गड’चे इंग्रजी ‘फोर्ट’ करून टाकले. तिघेही मान वर करून तट शोधू लागले. एकाने दुर्बीण काढली. काचारगडला तट नाही, बुरूज नाही, दरवाजा नाही. तिथे डोंगराच्या पोटात एक प्रचंड गुहा आहे, आणि गडाला आपण ज्या अर्थाने गड म्हणतो त्यातले काहीच नाही. पुढचा अर्धा तास ते माझ्या एका शब्दात अडकून पडले होते. गुहेपाशी पोहोचल्यावर एकाने विचारले, “पण मग किल्ला कुठे आहे?”

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे: परक्याला, दुभाष्याच्या तोंडून, गड सांगायचा तर मूळ मराठी मजकूर कसा असावा? आता या प्रश्नाला निकडही आली आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्यातले बारा किल्ले यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक, जिंजी, तमिळनाडूतला. रायगड, राजगड, साल्हेर इथे आता जपानी, फ्रेंच, कोरियन पाहुणे येणार. प्रत्येक भाषेचा जाणकार गाइड मिळणार नाही. बहुतेक वेळा स्थानिक गाइड मराठीत बोलेल आणि शेजारचा कोणीतरी ते वाक्यावाक्याने उलगडत जाईल. म्हणजे गाइडचा श्रोता पाहुणा नसतो, दुभाषा असतो. ही गोष्ट ध्यानात आली की मजकूर बदलतो.

काचारगडकडे मी परत येईन. आधी रायगडावर जाऊ, कारण परका पाहुणा, दुभाषा आणि गड या तिघांची गाठ तिथे साडेतीनशे वर्षांपूर्वी पडली आणि तिची लेखी नोंद राहिली.

१६७४ च्या मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांनी हेन्री ऑक्झिंडेन नावाचा वकील रायगडाला पाठवला. इंग्रजांना राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई हवी होती आणि व्यापाराचा तह हवा होता. त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा इंग्रजांचा दुभाषा होता. आधी बोलणी करायला तोच गडावर येऊन गेला होता. राज्याभिषेकाच्या दिवशी ऑक्झिंडेन दरबारात पोहोचला तेव्हा सिंहासन बरेच लांब होते. त्याने दुरूनच मुजरा केला, आणि नारायण शेणवीने नजराण्याची हिऱ्याची अंगठी हात वर करून धरली. राजांचे लक्ष गेले. त्यांनी पाहुण्यांना जवळ, पार सिंहासनाच्या पायथ्याशी, बोलावले. दुभाष्याने त्या दिवशी केलेले सगळ्यात मोठे काम असे एकही शब्द न बोलता केलेले होते: काय पाहायचे ते त्याने वर धरले.

गाइडच्या मजकुराचे पहिले काम हेच. आता आपल्याकडच्या नेहमीच्या मजकुराचा एक नमुना पाहू. तो मी रचलेला आहे, पण कुठल्याही गडावर ऐकू येईल असा आहे:

‘आज जिथे मेघडंबरी दिसते त्या ठिकाणी बत्तीस मण सोन्याच्या रत्नजडित सिंहासनावर बसून महाराजांनी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ रोजी स्वतःला राज्याभिषेक करवून घेऊन छत्रपती ही पदवी धारण केली, असे बखरीत म्हटले आहे.’

मराठी माणसाला हे वाक्य सहज कळते. दुभाष्याचे मात्र हाल होतात. मराठीत क्रियापद शेवटी येते, आणि ‘बसून’, ‘करवून’, ‘घेऊन’ अशी धातुसाधिते एकामागून एक ओवत वाक्य कितीही लांबवता येते. इंग्रजी किंवा फ्रेंच करणाऱ्याला कर्त्यानंतर लगेच क्रियापद हवे असते. म्हणून तो ‘धारण केली’ येईपर्यंत तोंड उघडू शकत नाही, आणि तोवर मेघडंबरी, मण, तिथी, शक आणि पदवी एवढे सगळे त्याला डोक्यात धरून ठेवावे लागते. यातले एक तरी गळतेच. बहुधा आकडा गळतो किंवा नाव. जपानी करणाऱ्याचे थोडे बरे असते, कारण त्या भाषेतही क्रियापद शेवटीच येते. पण आपला दुभाषा कोणत्या भाषेचा असेल हे मजकूर लिहिताना ठाऊक नसते.

याहून खोल अडचण वाक्याच्या शेपटीत आहे. ‘असे बखरीत म्हटले आहे’ हे नेमके कशाबद्दल म्हटले? राज्याभिषेकाबद्दल की सोन्याच्या वजनाबद्दल? राज्याभिषेकाला बखरीची एकटीची साक्ष लागत नाही. ऑक्झिंडेन प्रत्यक्ष हजर होता. बत्तीस मणांचा आकडा मात्र सभासदाच्या बखरीतला आहे, आणि ती बखर घटनेनंतर वीसएक वर्षांनी, १६९० च्या दशकात, जिंजीला लिहिली गेली. मराठीत आपण साक्षीदाराला वाक्याच्या शेवटी उभे करतो: ‘म्हणे’, ‘असे सांगतात’, ‘अशी आख्यायिका आहे’. दुभाषा वाक्याचे तुकडे पाडत मध्येच बोलून मोकळा होतो, आणि शेवटचे ‘म्हणे’ त्याला उशिरा ऐकू येते. तोवर पाहुण्याच्या वहीत आख्यायिका इतिहास म्हणून उतरलेली असते. उलटही घडते. शेपूट पूर्ण वाक्याला लागली, तर नोंद असलेली घटना पाहुण्याला दंतकथा वाटते.

म्हणून माझा एकच आग्रह आहे: कोण सांगतो ते वाक्याच्या तोंडाशी हवे. ‘सभासद लिहितो’, ‘ऑक्झिंडेन लिहितो’, ‘गावचे लोक सांगतात’. आधी साक्षीदार, मग साक्ष. दुभाष्याने पुढचे काही गाळले तरी एवढे गळत नाही.

त्याच थांब्याचा मजकूर असा लिहिता येईल. पाहुणे नगारखान्याच्या दरवाज्यातून आत येऊन सिंहासनाकडे तोंड करून उभे आहेत. परिच्छेद बदलतो तिथे गाइडने थांबायचे.

‘तुमच्या समोर उघडे पटांगण आहे. ही राजसभा, म्हणजे राजाचा दरबार. लांबी सुमारे २२० फूट आहे.

‘समोरच्या टोकाला एक छत्री दिसते. सिंहासन तिथे होते. छत्रीखालचा पुतळा आपल्या काळातला आहे.

‘१६७४ च्या जून महिन्यात इथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. शिवाजी महाराजांचे वय तेव्हा ४४ होते. त्यांनी छत्रपती ही पदवी घेतली. छत्रपती म्हणजे छत्राचा धनी, स्वतंत्र राजा.

‘त्या दिवशी इथे एक इंग्रज वकील हजर होता. त्याचे नाव हेन्री ऑक्झिंडेन. त्याने जे पाहिले ते लिहून ठेवले.

‘ऑक्झिंडेन लिहितो: सिंहासनाच्या एका बाजूला, भाल्याच्या टोकाला सोन्याचा तराजू होता. दोन्ही पारडी सारखी होती. ती न्यायाची खूण.

‘ऑक्झिंडेन लिहितो: दुसऱ्या बाजूला माशांची दोन मोठी डोकी होती. ती सोन्याची होती. त्यांना मोठे दात होते.

‘सभासद हा मराठी लेखक. त्याने वीसएक वर्षांनी लिहिले: सिंहासन बत्तीस मण सोन्याचे होते. मण हे जुने वजन आहे.’

मोजून पाहा, पहिल्या नमुन्यापेक्षा शब्द कितीतरी जास्त झाले आहेत. सोपे म्हणजे आखूड, हा समज इथे चुकतो. दुभाष्याला सोपे असते ते वाक्य एका वेळी एकच गोष्ट सांगते आणि तिथेच संपते. मजकूर वाढतो आणि शिवाय प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जाते, एकदा मराठीत आणि एकदा परभाषेत. त्यामुळे दहा मिनिटांच्या थांब्यात गाइडच्या वाट्याला चार-साडेचार मिनिटेच येतात. म्हणून गोष्टी कमी निवडाव्या लागतात. मी वरच्या मजकुरातून अष्टप्रधान, गागाभट्ट, होनांची नाणी, सगळे गाळले. त्यांचे महत्त्व कमी नाही. पण त्यांपैकी काहीही आज त्या पटांगणात बोट दाखवून दाखवता येत नाही.

काही निवडींची कारणे सांगायला हवीत. ‘त्यांनी’ हे सर्वनाम मी जवळजवळ टाळले आहे. मराठीत आदरार्थी अनेकवचन आहे. ‘ते आले’ म्हणजे एक मोठा माणूस आला, किंवा पाच साधी माणसे आली. घाईतला दुभाषा त्याचे सरळ अनेकवचन करतो, आणि पाहुणा विचारात पडतो की सिंहासनावर बसले तरी किती जण. नाव पुन्हा घेतले की आदरही राहतो आणि घोटाळाही टळतो. एकदा घेतलेले ‘त्यांनी’ नावाला अगदी चिकटून ठेवले आहे.

तारीख नुसती ‘जून १६७४’ ठेवली आहे. आपण ६ जून म्हणतो ती इंग्रजांच्या त्या काळच्या ज्यूलियन पंचांगाची तारीख. इंग्लंडने नवे ग्रेगरियन पंचांग १७५२ मध्ये घेतले. फ्रेंच किंवा पोर्तुगीज माणसाच्या पंचांगात तो दिवस १६ जूनचा होता. तिथी मात्र दोघांच्याही डोक्यावर एकच: ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, पौर्णिमेला दोन दिवस उरलेले. एखाद्या चोखंदळ पाहुण्याने विचारले तर हे सांगायला मजा येते. पण मजकुरात घातले तर दुभाषा आकड्यांत बुडतो. आकड्यांचे आपल्याकडे तसेही अवघड आहे. ‘एकोणसत्तर’ म्हणताच चांगला दुभाषाही क्षणभर ७९ कडे किंवा ५९ कडे घसरतो, आणि ‘पावणेतीनशे’ ऐकल्यावर तर तो मनात गणित करू लागतो. आकडा सांगायचाच असेल तर गाइडने तो लिहिलेले कार्ड वर धरावे. नारायण शेणवीने अंगठी धरली तसे.

मणाचे किलो मी मुद्दामच केले नाहीत. आजच्या हिशेबाने मण सुमारे सदतीस किलोचा. त्या दराने सिंहासन बाराशे किलोंच्या आसपास जाते, आणि पाहुणा लगेच त्याची आजची किंमत काढू लागतो. पण जुना मण प्रांताप्रांतात वेगळा होता. कोणता मण हे ठरवल्याशिवाय केलेला गुणाकार हा नवा इतिहास रचणे होय. ऑक्झिंडेन त्या सिंहासनाला भव्य म्हणतो. वजन सांगत नाही.

माशांचे काय? मत्स्यमुखे म्हणजे आरमारी सत्ता, असा अर्थ गडावर हमखास ऐकू येतो. ऐकायला तो छान आहे. पण ऑक्झिंडेनच्याच नोंदीत ही चिन्हे मुसलमानी राजवटींच्या रिवाजाची म्हणून येतात, आणि मोगलांकडे माही मरातब नावाचा, माशाच्या चिन्हाचा मोठा मान होताच. नवा राजा जुन्या बादशाहीच्या खुणा आपल्या सिंहासनाशेजारी लावतो, ही गोष्ट मला आरमारापेक्षा अधिक बोलकी वाटते. तरीही मजकुरात मी फक्त मासे ठेवले, अर्थ ठेवला नाही. पाहुण्यांनी विचारले तर गाइडने सांगावे, आणि सांगताना पुन्हा तोच नियम पाळावा: ‘काही जण म्हणतात’, ‘ऑक्झिंडेन म्हणतो’.

एक प्रश्न पाहुणे विचारतातच, आणि तो ऑक्झिंडेनलाही पडला होता. दरबारातून निघताना त्याला दरवाज्यापाशी दोन लहान हत्ती आणि सजवलेले दोन घोडे दिसले. एवढ्या अवघड वाटेने ही जनावरे वर आणली कशी, याचे त्याला नवल वाटले. गडावर सांगतात की हत्ती पिल्ले असताना आणली आणि वरच वाढवली. ऑक्झिंडेननेही हत्ती ‘लहान’ असल्याचेच नोंदले आहे. एवढ्या दोन वाक्यांत पाहुण्याला साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आपल्यासारखाच एक धापा टाकणारा माणूस भेटतो. रोपवेने वर आलेल्यांनाही.

‘गड’ या शब्दाचे काय करायचे, तेही रायगडावरच समजते. युरोपातल्या माणसाच्या मनात किल्ला म्हणजे भिंत. सह्याद्रीतल्या गडात आधी डोंगर येतो, मग भिंत. कडा सरळ तुटलेला असेल तिथे माणसाने काही बांधलेले नसते. जिथे चढता येईल तिथे कडा तासलेला असतो, आणि तेही पुरत नाही तिथे तट असतो. म्हणून पहिल्याच थांब्यावर, महादरवाज्याच्या खाली, गाइडने एवढे सांगावे: ‘हा डोंगर हीच भिंत आहे. माणसाने फक्त तिच्यातली भोके बुजवली.’ त्यानंतर दुभाष्याने ‘गड’ हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला तरी चालते. पाहुणा तो शब्द घेऊन घरी जातो.

मजकूर बिघडतो आहे हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. गाइड मिनिटभर बोलला आणि दुभाषा दहा सेकंदांत थांबला, तर मधले सगळे सांडले असे समजावे. गाइड डावीकडे बोट दाखवत असताना पाहुणे अजून उजवीकडे पाहत असतील तर मजकूर दुभाष्याच्या पुढे धावतो आहे. खात्रीची परीक्षा हवी असेल तर दोन्ही भाषा जाणणारा तिसरा माणूस घ्यावा. त्याने मूळ मराठी ऐकायचे नाही, फक्त दुभाष्याचे ऐकून मराठीत पुन्हा सांगायचे. त्याच्या सांगण्यात सभासद आणि ऑक्झिंडेन आपापल्या जागी उभे असले की झाले.

आता पुन्हा दरेकसाला. इथे हाच नियम मला नव्याने शिकावा लागला.

स्टीफन हिस्लॉप हे नागपूरचे मिशनरी. एका परधान गायकाने सांगितलेले लिंगोचे गोंडी आख्यान त्यांनी टिपून घेतले होते. हिस्लॉप १८६३ मध्ये वारले. रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ मध्ये इंग्रजी अर्थासह छापले. त्यात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि तोंडावर मोठी शिळा ठेवतो. ती गुहा धवलगिरीवर आहे. चौघे निसटतात आणि काचीकोपा लोहागड नावाच्या जागी आसरा घेतात. इंग्रजीत या नावाचा अर्थ लोखंडाची दरी, लाल डोंगर असा काहीसा दिला आहे. म्हणजे छापील कागदावरचा हा ‘गड’ही तटाचा गड नाही, खनिजाचा डोंगर आहे. काचारगडला येणारे गोंड भाविक ते ठिकाण हेच मानतात, आणि त्यांच्या सांगण्यात कोंडलेली लेकरे याच गुहेत होती. जंगो रायताडने त्यांच्यासाठी धाव घेतली. हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी वाजवली, तिच्या सुरांनी शिळा हलली, लेकरे सुटली, आणि घरंगळणाऱ्या शिळेखाली तो वादक गेला. पारी कुपार लिंगोने त्या लेकरांना धर्म दिला. गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी ही परंपरा लिहून काढण्यासाठी बरेच आयुष्य वेचले.

त्या दिवशी गुहेच्या तोंडाशी धनेगावकडचे एक वृद्ध आम्हाला हे सांगत होते. ते गोंडीत बोलत, त्यांचा नातू हिंदी करी, आणि मी इंग्रजी. म्हातारबाबा म्हणाले, “आमचे पूर्वज इथून बाहेर आले.” मी पाहुण्यांना सांगितले: या लोकांची अशी श्रद्धा आहे की त्यांचे पूर्वज इथून बाहेर आले. नातू कॉलेजात जाणारा होता. त्याला माझे इंग्रजी कळले. तो मला बाजूला घेऊन, अगदी नम्रपणे, म्हणाला, “सर, बाबा ‘श्रद्धा आहे’ नाही म्हणाले. बाबा ‘आले’ म्हणाले. आणि ‘हे लोक’ नाही म्हणाले, ‘आम्ही’ म्हणाले.”

मला वाटले होते की मी काळजी घेतो आहे. साक्षीदार पुढे आणायचा म्हणून मी साक्षीदारालाच बाजूला सारले होते, आणि त्याच्या जागी स्वतःची शंका उभी केली होती. ‘बाबा सांगतात’ एवढेच पुरेसे होते. त्यापुढे त्यांचे वाक्य त्यांच्याच पुरुषात आणि त्यांच्याच काळात यायला हवे होते. रायगडावर ऑक्झिंडेनला मी कधी ‘त्याची अशी समजूत होती की तराजू सोन्याचा होता’ असे म्हटले नसते.

उतरताना मी परवानगी मागून नातवाबरोबर बसलो, आणि आम्ही पायथ्याच्या थांब्यासाठी मजकूर लिहिला. हिंदीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत नेऊन पाहिला, दोन ठिकाणी सुधारला. पाहुण्यांना परतीच्या गाडीपूर्वी तो पुन्हा ऐकवला, या वेळी नातवाच्या तोंडून:

‘जय सेवा. या डोंगराचे नाव काचारगड. गड म्हणजे इथे किल्ला नाही. इथे भिंत शोधू नका.

‘वर एक मोठी गुहा आहे. आपण चालत तिथे जाऊ.

‘मी गोंड आहे. मी तुम्हाला आमची गोष्ट सांगतो. माझ्या आजोबांनी ती मला सांगितली.

‘आमचे पूर्वज या गुहेत कोंडलेले होते. दारावर मोठी शिळा होती. एका वादकाने किंगरी वाजवली. किंगरी हे तारांचे वाद्य आहे. शिळा हलली. आमचे पूर्वज बाहेर आले.

‘वादक शिळेखाली गेला. त्याचे नाव हिरासुका पाटालीर.’

दुर्बीणवाल्या पाहुण्याने ते नाव दोनदा म्हणून घेतले आणि वहीत लिहिण्यासाठी अक्षरे विचारली.